लग्नपत्रिका छापायला टाकताय? प्रूफला ओके म्हणायच्या आधी हे वाचा

सांगलीत गणपती पेठेच्या जवळ माझं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे, त्यामुळे तुळशीचं लग्न जवळ आलं की माझ्या काउंटरवर रोज एक तरी वाक्य ऐकू येतंच, "अहो जरा एक अक्षर बदलायचं होतं, छापलं नसेल ना अजून?" आणि बऱ्याचदा छापलेलं असतं. मग भांडण, मग "आम्ही ॲडव्हान्स दिलाय", मग "आमची चूक नाय ती". पहिल्यांदाच पत्रिका छापणाऱ्यांसाठी म्हणून लिहितोय, काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. साडी नको झाली तर दुकानदार ती दुसऱ्याला विकतो. तुमच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका तो कुणाला विकणार? रद्दीवाला पण जाड कार्ड नको म्हणतो. म्हणून नाव-तारीख घालून बनवलेल्या वस्तूला "मन बदललं, परत घ्या" हे चालत नाही, आणि मन बदललं म्हणून माल परत करायचा सरसकट हक्क आपल्याकडं कायद्यात नाहीच. पण याचा अर्थ दुकानदार काहीही छापून देईल आणि तुम्ही घ्यायचं असाही नाही. सगळा खेळ तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात आणि प्रूफमध्ये, म्हणजे छापायच्या आधी वाचायला दिलेल्या नमुन्यात, काय होतं, एवढ्यावर आहे.

आधी बिलावर काय लिहून घ्यायचं

ऑर्डर देताना लोक कार्डाचा अल्बम दोन तास चाळतात आणि बिलाकडं दोन सेकंद बघतात. बिलावर कार्डाचा नंबर, नग, किती रंगात छपाई, पाकिटावर छपाई आहे का कोरं पाकीट, एकूण रक्कम, ॲडव्हान्स आणि माल कधी मिळणार हे पाहिजेच. त्याच्या खाली दोन ओळी स्वतः सांगून लिहून घ्या. एक म्हणजे किती वेळा करेक्शन दरात आहे (आमच्याकडं दोन, तिसऱ्यापासून जादा), आणि दुसरी म्हणजे रद्द केलं तर कुठल्या टप्प्यावर किती कापणार. दुसरी ओळ कुणी मागतच नाही, कारण लग्न ठरलेल्या घरात "मोडलं तर" हा शब्द अशुभ वाटतो, मला कळतं ते, पण मोडायलाच पाहिजे असं नाही ना, घरात कुणी गेलं की लग्न पुढं जातं आणि तारीख बदलली की पत्रिका गेलीच.

टप्पे कसे असतात ते एका ऑर्डरवर दाखवतो. ६०० कार्डं, २२ रुपयाला एक, म्हणजे १३,२०० रुपये, त्यातले ६,६०० ॲडव्हान्स. १३,२०० मध्ये आत काय काय आहे ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. कोरी कार्डं पाकिटासकट १३ रुपयाप्रमाणं ७,८००, ती मी होलसेलवाल्याकडून मागवतो, दुकानात ठेवत नाही. मॅटर टाईप करून डिझाईन लावायचे ७००. बाकी ४,७०० मध्ये स्क्रीन म्हणजे छपाईची जाळी बनवणं, शाई, छपाई, चिकटवणं आणि माझं जे काय सुटेल ते.

आता समजा कोरी कार्डं यायच्या आधीच तुम्ही रद्द केलं तर माझं फक्त डिझाईनचं काम झालेलं असतं, ७०० कापून बाकी परत. कार्डं आली पण छापली नाहीत, तर होलसेलवाला कोरे गठ्ठे बहुतेक वेळा परत घेतो पण जायचं-यायचं भाडं माझ्या अंगावर, समजा ४००, म्हणजे ११०० कापून ५,५०० परत. स्क्रीन बनल्यावर त्याचे आणखी पाच-सहाशे. आणि एकदा शाई कार्डाला लागली की संपलं, मग ॲडव्हान्स तर जातोच, वर राहिलेले पैसे पण मागायचा हक्क दुकानदाराला असतो कारण माल तयार आहे. प्रत्येक दुकानाचे आकडे वेगळे असतील पण क्रम हाच. जो दुकानदार पहिल्याच दिवशी "ॲडव्हान्स कुठल्याही परिस्थितीत परत नाही" म्हणतो त्याला विचारा, बाबा कार्डं अजून मागवलीच नाहीत तर पैसे कशाचे कापणार? उत्तर नाही आलं तर पुढच्या दुकानात जा, गावात दुकानं काय कमी नाहीत.

मॅटर देताना

व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवा, पण ते तसंच्या तसं कॉपी होऊन कार्डावर येतं असं समजू नका. मोबाईलवरचं मराठी युनिकोडमध्ये असतं आणि पत्रिकेवरचे ते वळणदार छान फॉन्ट बऱ्याच दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे आहेत, श्रीलिपीसारखे. एकातून दुसऱ्यात नेताना कन्व्हर्टर वापरतात नाहीतर सरळ पुन्हा टाईप करतात, आणि दोन्हीकडं चुका होतात. कन्व्हर्टरच्या चुका ठरलेल्या असतात. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, 'सूर्यवंशी'तला रफार सरकतो, 'कुऱ्हाडे', 'गुऱ्हाळ' यातलं ते अर्धं र मोडून काहीतरी भलतंच दिसतं. म्हणून प्रूफ आलं की आधी आडनावं आणि गावाची नावं बघायची. कारण चुकीचा शब्द डोळ्याला खटकतो, पण आडनावातली मोडलेली वेलांटी ऑपरेटरला खटकत नाही, त्याला काय माहीत तुमचं आडनाव कसं लिहितात.

दुसरी गोष्ट, आणि ही मी माझ्याच तोंडानं सांगतो, आम्ही जुनी फाईल उघडून त्यावरच नवीन नावं टाकतो. सगळेच टाकतात. सीझनमध्ये दिवसाला दहा पत्रिका असतात, प्रत्येक वेळी कोऱ्या पानावरून कोण सुरू करणार. त्यामुळे गेल्या गिऱ्हाईकाचं काहीतरी मागं राहतं.

एका पत्रिकेची गोष्ट

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, पलूस तालुक्यातले एक काका आले, पुतणीचं लग्न, तारीख रविवार २३ नोव्हेंबर. वर सांगितलेली ६०० कार्डांची ऑर्डर त्यांचीच. मॅटर वहीच्या पानावर लिहून आणलेलं, अक्षर झकास. मी पहिलं प्रूफ लावलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं, काका म्हणाले एकदम बरोबर. मी म्हटलं काका एवढ्या लवकर नको, दुकानात या, प्रिंट काढून देतो. आले. ए-फोर कागदावर मोठं करून काढलं आणि दोघं बसलो, मी वहीतलं मोठ्यानं वाचायचं आणि काकांनी प्रूफवर बोट फिरवायचं. तिसऱ्याच ओळीला अडकलो. "मिती मार्गशीर्ष शु. ३, शके १९४६". १९४६? २०२५ चा नोव्हेंबर म्हणजे शके १९४७. चूक माझीच, गेल्या सीझनच्या फाईलमधलं शके तसंच राहिलं होतं. फोनच्या स्क्रीनवर काकांनी चार वेळा वाचलं होतं ते, पण शके कोण वाचतो? डोळा तारीख बघतो आणि पुढं जातो.

म्हणून तारखेचं वाचन वेगळं करायचं. तारीख, वार, तिथी, शके ही चार वेगवेगळी माणसं आहेत आणि ती एकमेकांना ओळखतात का हे पंचांग किंवा कालनिर्णय हातात घेऊन तपासायचं. मुहूर्ताची वेळ गुरुजींनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरूनच, कुणाच्या आठवणीतून नाही. मोबाईल नंबर एकेक आकडा वाचायचा, आणि खरं तर त्या नंबरवर तिथंच बसून मिस्ड कॉल द्यायचा, कुणाचा फोन वाजतो ते बघायचं. गुगल मॅपचा क्यूआर कोड टाकला असेल तर तो पण कागदावरच्या प्रिंटवरून स्कॅन करायचा, तो निदान दोन सेंटिमीटरचा तरी असावा आणि फिक्या रंगावर गडद, सोनेरी शाईत क्यूआर छापला की फोनला तो बऱ्याचदा वाचताच येत नाही, लोक मग कार्यालय शोधत विश्रामबागेत फिरतात.

दुसरं प्रूफ गेलं. आता काकांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. इथं खरी गंमत असते. मुलाकडून निरोप आला की आजोबांच्या नावामागं 'कै.' राहिलंय. ते घातलं. पत्रिकेत यापेक्षा नाजूक दोन अक्षरं नाहीत बघा, गेलेल्या माणसाला 'श्री.' छापलं तर घरचे हळहळतात आणि जित्या माणसाला 'कै.' छापलं तर काय होतं ते मी सांगायला नको. पण 'कै.' घातल्यावर ती ओळ लांब झाली, शेवटचा शब्द खाली ढकलला गेला, खालची ओळ तिच्या खाली, आणि सगळ्यात खाली कार्यालयाच्या पत्त्यातला 'मिरज' डिझाईनच्या वेलबुट्टीमागं लपला. तिसऱ्या प्रूफवर काकांनी फक्त आजोबांचं नाव बघितलं, झालं म्हणाले. मीच म्हटलं की काका मिरज कुठं गेलं?

नवीन माणूस हीच चूक करतो. करेक्शन सांगितलं की तेवढंच बघतो. एक अक्षर बदललं तरी पूर्ण पत्रिका पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत परत वाचायची, कंटाळा आला तरी. आणि करेक्शन तुकड्यातुकड्यानं द्यायची नाहीत. सकाळी मामा, दुपारी आत्या, रात्री नवरदेवाचा मित्र, असं आलं की ऑपरेटर एखादं विसरतोच. सगळ्यांचं एका कागदावर गोळा करा, एकच माणूस नेमा, आणि त्यानंच दुकानाशी बोलायचं.

ओके कसं द्यायचं

चौथं प्रूफ बरोबर होतं. ते मी काकांना पाठवलं, काकांनी ग्रुपवर, आणि ग्रुपवरून मुलीच्या मामांनी थेट मला फॉरवर्ड करून खाली एक अंगठा टाकला. बस. आता हा अंगठा म्हणजे "बघितलं" की "छापा"? मी मामांना ओळखत पण नव्हतो. मी काकांना फोन लावला तर ते म्हणाले थांबा, अजून बायकांनी बघितलं नाय. सगळी दुकानं फोन लावत नाहीत, हे लक्षात ठेवा. सीझनला अंगठा आला की ऑपरेटर खूश, फाईल पुढं.

ओके द्यायचं तर शब्दात द्यायचं. त्यात प्रूफचा नंबर, नग आणि "छापा" हा शब्द पाहिजे. काकांनी शेवटी असा मेसेज टाकला: "प्रूफ नंबर ४, काल संध्याकाळी आलेलं. पूर्ण वाचलं, बरोबर आहे. ६०० नग छापायला हरकत नाही." याच्या वर ते प्रूफ पण परत जोडलं होतं. असा मेसेज दोघांच्या फायद्याचा. छापल्यावर चूक निघाली तर भांडण दोन मिनिटात मिटतं, चूक ४ नंबरच्या प्रूफमध्ये होती का? होती, तर खर्च गिऱ्हाईकाचा, कारण वाचायची संधी दिली होती. नव्हती आणि छापून आली, तर खर्च दुकानाचा, परत छापून द्यायचं किंवा पैसे परत. म्हणूनच ज्या प्रूफला ओके दिलं ते फोनमधून पुसू नका, लग्न होईपर्यंत तरी. आणि प्रूफ फोटो म्हणून न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून आलं की व्हॉट्सॲप ते बारीक करून टाकतं आणि अनुस्वार आहे का धूळ हेच कळत नाही.

कुणी म्हणेल मूळ मॅटरमध्ये आम्ही बरोबर लिहिलं होतं, दुकानानं टाईप करताना चूक केली, मग आमचा खर्च का? प्रश्न बरोबर आहे. माझं मत असं की अशा वेळी निम्मं-निम्मं करावं आणि मी करतो पण, पण बऱ्याच बिलांवर "प्रूफ मंजूर झाल्यावर चुकीची जबाबदारी ग्राहकाची" छापलेलंच असतं, त्यामुळे त्या निम्म्यावर भरवसा ठेवून वाचन ढिलं करू नका.

ओके दिल्यावर काय होतं

हे समजलं की रद्द करायला वेळ किती असतो ते आपोआप कळतं. आपल्याकडच्या तयार कार्डांवर मॅटर बरेचदा स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात. आधी फाईलमधली अक्षरं कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, त्यानंतर त्यात टाईप करून दुरुस्ती होत नाही, मागच्या फाईलवर जावं लागतं. मग फिल्म निघते, जाळीच्या फ्रेमवर केमिकल लावून त्यावर फिल्म ठेवून प्रकाश देतात, पाण्यानं धुतात, आणि अक्षरांच्या जागी जाळी मोकळी राहते, तिच्यातून शाई उतरते. रंग दोन असतील तर फ्रेम दोन. सोनेरी चमकता फॉइल असेल तर त्याला धातूचा ब्लॉक वेगळा बनतो, तो तुमच्या नावाशिवाय कशालाच चालत नाही. हे सगळं ओके दिल्यापासून साधारण दिवसभरात उरकतं. म्हणजे रात्री ओके दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला तर छपाई थांबवता येईल पण स्क्रीनचे पैसे गेले.

काकांचं अगदी हेच झालं. ओके दिल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन, कार्यालय बदललं. मिरजेचं रद्द, आता सांगलीतच. स्क्रीन बनली होती, कार्डं कोरी होती. आतल्या मजकुराची एक स्क्रीन पुन्हा बनवायला ५०० रुपये घेतले, नावांची स्क्रीन तीच चालली, आणि एक दिवस उशीर. हाच फोन संध्याकाळी आला असता तर ७,८०० ची कार्डं गेली असती. म्हणून माझा आग्रह असतो की कार्यालयाला पैसे भरून पावती हातात आल्याशिवाय प्रूफला ओके द्यायचं नाही, भले चार दिवस उशीर होऊ दे.

अजून एक ओके असतं जे कुणी मागत नाही, ते पहिल्या कार्डाचं. फोनवर दिसणारं प्रूफ मजकूर दाखवतं, रंग दाखवत नाही. फोनवर सोनेरी म्हणजे पिवळट दिसतो, खऱ्या कार्डावर सोनेरी शाई उजेडात चमकते आणि सावलीत मेंदीसारखी दिसते. लाल कार्डावर मरून अक्षर टाकलं तर फोनवर वाचता येतं, हातात नाही. आणि बारीक अक्षरात, विशेषतः त्या शेवटच्या "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" वाल्या ओळीत, जाळीतून शाई पसरून अनुस्वार भरून जातो नाहीतर उडतोच. तेव्हा दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की पहिली दोन कार्डं छापली की थांबा, मी येऊन बघतो. स्क्रीनचा खर्च तोवर झालेला असतो, पण दोन कार्डं वाया गेलेली परवडतात. काका आले, मरूनचा रंग एक छटा गडद करून घेतला, मग बाकीची छापली.

माल घेताना

गठ्ठा उचलून पळू नका. प्रत्येक शंभरातून दोन-चार कार्डं मधूनच काढून बघा, कारण शाई ओली असताना कार्डं एकावर एक ठेवली की मागच्या बाजूला डाग उठतो आणि तो वरच्या कार्डावर दिसत नाही. नग मोजा. जास्तीची लागणार असतील तर ती सुरुवातीलाच, कारण नंतर पन्नास छापायला सुद्धा स्क्रीन परत लावावी लागते आणि ती बावीसची कार्डं चाळीसला पडतात.

डाग, कमी नग, ओके दिलेल्या प्रूफपेक्षा वेगळा मजकूर, यातलं काही निघालं तर त्याच दिवशी फोटो काढून लेखी कळवा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी इथं कामाची नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. पण ओके दिलेल्या प्रूफमध्येच चूक असेल तर या फोनचा फारसा उपयोग नाही, तिथं दुकानदाराशी गोड बोलून स्टिकर लावायचा मार्ग काढावा. चुकलेल्या ओळीएवढा त्याच रंगाचा स्टिकर छापून मिळतो, सहाशे कार्डांवर घरच्या चार पोरांना बसवलं की एका रात्रीत होतं, नीट लावला तर कुणाच्या लक्षात पण येत नाही.

काकांची पत्रिका दिवाळीनंतर लगेच गेली. पहिली गणपतीच्या देवळात ठेवली, दुसरी माझ्या काउंटरवर, आणि तेवढ्यात काकूंनी पाकिटावरचा गावाचा पिनकोड वाचून दाखवला. तो कुणीच तपासला नव्हता. नशीब, बरोबर होता.